परत आलेला माल आणि व्यापारी सूट: विक्री वहीमागची गोष्ट

1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुनोंदी पद्धत मांडली गेली, तेव्हा सगळे व्यवहार एकाच कीर्दीत उतरत आणि तिथून खतावणीत जात. आपल्याकडची कीर्द-खतावणीही साधारण अशीच चालायची. उधारीची बिलं वाढली तशी कीर्द फुटली आणि खरेदी, विक्री, खरेदी परत व विक्री परत यांच्या वेगळ्या वह्या झाल्या. गिऱ्हाइकाच्या खात्यावर खतावणी रोज होते, विक्री खात्यावर मात्र महिन्याची एकच बेरीज जाते.

खरा घोळ व्यापारी सूटीचा. ती बिलावर वजा दिसते, पण खतावणीत तिचं खातंच नसतं. रोख सूट पैसे आल्यावर मिळते, म्हणून तिला खातं असतं. व्यापारी सूट ही किंमत ठरवण्याचाच भाग, असा यामागचा विचार आहे आणि तो बरोबरच आहे.

अडचण माल परत आला की येते. समजा, 1,200 रुपये डझनाचे 20 डझन स्टीलचे डबे 15 टक्के सूट देऊन विकले, कर बाजूला ठेवू. 24,000 मधून 3,600 गेले, गिऱ्हाइकाच्या नावे 20,400. त्यातले चेपलेले 2 डझन डबे परत आले. परत मालाची रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यावर जमा करणारी जमा चिठ्ठी 2,400 ची नव्हे, 2,040 ची निघायला हवी आणि बाकी 18,360 राहायला हवी. कारकुनाने छापील भावाने चिठ्ठी फाडली तर 18,000 च उरतात. सगळ्या खात्यांच्या बाक्या ताडून पाहणारी तेरीज तरीही जुळते, कारण परत वहीची बेरीजही तितकीच फुगलेली असते. 360 रुपयांची ही चूक सहसा दोन्हीकडचे खातेउतारे शेजारी ठेवले की सापडते, तेही समोरच्याने आपल्या वहीत नक्त भाव धरला असेल तर.

कर धरला की हे दोन दुकानदारांपुरतं राहत नाही. 1 जुलै 2017 ला आलेल्या जीएसटीत जमा चिठ्ठी हा कराचाही कागद आहे. बिलावरच दाखवलेल्या सूटीला करातून वगळलं. वर्षअखेरीला उलाढालीवर मिळणाऱ्या सूटीला मात्र मूळ कायद्याने अटी घातल्या: करार मालाच्या आधीचा हवा, सूट ठरावीक बिलांशी जोडता यायला हवी आणि घेणाऱ्याने तेवढं कराचं क्रेडिट परत करायला हवं. बाजारात सूट तर दिवाळीनंतरच्या खपावरून तोंडी ठरते! म्हणून अनेक विक्रेते कर न घटवता नुसत्या रकमेची चिठ्ठी देऊ लागले. गिऱ्हाइकाच्या खात्यावर ती जमा पडते, पण सरकारी विवरणात करपात्र विक्री तेवढीच राहते. दिलेल्या सूटीवरचा कर विक्रेत्याला घटवता येत नाही.

कराची चिठ्ठी द्यायचीच तर ती विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरेपर्यंत दाखवावी लागते. 2022 पूर्वी ही मुदत सप्टेंबरच्या विवरणापर्यंतच होती.