लोणा : किनाऱ्यावरील दगड-विटांतील क्षार आणि ते शोषून घेणारे लेप

दगड-विटांत पाण्याबरोबर शिरलेले क्षार पाणी सुकल्यावर पुन्हा स्फटिक होतात आणि भिंत आतून फोडू लागतात, या झिजेला लोणा लागणे म्हणतात. समुद्रकाठी यातला मुख्य क्षार म्हणजे साधे मीठ, सोडियम क्लोराइड. ते लाटांच्या तुषारांतून, खाऱ्या वाऱ्यातून आणि पायातून वर चढणाऱ्या ओलीतून येते. भिंतीवर साचणारी पांढरी पूड सगळ्यांना दिसते, पण तिच्यामुळे फारसे नुकसान होत नाही. खरे नुकसान न दिसणाऱ्या स्फटिकांमुळे होते.

भिंतीतले पाणी नेमके कुठे वाफ होते यावर सारे ठरते. पाणी पृष्ठभागापर्यंत पोचून सुकले तर मीठ बाहेर पूड होऊन बसते आणि झडून जाते. ऊन-वारा जोरात असेल तर सुकण्याची जागा काही मिलिमीटर आत सरकते. मग स्फटिक बारीक छिद्रांच्या आत वाढतात आणि छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. दगड-वीट दाबाखाली मजबूत, पण ताणाखाली कमकुवत असते. म्हणून वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो किंवा त्याचा भुगा होतो. हे एकदाच घडून थांबत नाही. साधारण २५ अंश तापमानाला हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून विरघळते आणि आर्द्रता खाली आली की पुन्हा स्फटिक होते. किनाऱ्यावर हवा ही रेषा वारंवार ओलांडते. कोकणात पावसाळाभर मीठ विरघळलेलेच राहते, त्यामुळे भिंत फक्त ओली दिसते; पोपडे सुटतात ते पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागल्यावर.

मुरुड-जंजिऱ्याच्या तटावर दगड खोलगट झिजलेले आणि त्यांच्या सांध्यांतला चुना मात्र पुढे उभा राहिलेला दिसतो. तिथे लाटांच्या माराबरोबर मिठाचाही हात आहे. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की नुकसान आणखी वाढते. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही, म्हणून ती गिलाव्यामागे साठते किंवा आणखी वर चढते आणि मीठ मऊ जांभ्यात वा विटेत साचत राहते. जुन्या जांभ्याच्या भिंतीला सिमेंट लावू नये, यावर दुमत असण्याचे कारण नाही.

या विषयाचे एक जुने आणि मोठे क्षेत्र म्हणजे व्हेनिस. तिथल्या बांधकामात पाण्याच्या पातळीला इस्त्रिया द्वीपकल्पातला घट्ट चुनखडी दगड आणि त्याच्या वर विटा असत. दगड खारे पाणी वर येऊ देत नसे. जमीन खचली, समुद्राची पातळी वाढली आणि पाणी त्या दगडाच्या वर विटांना लागू लागले. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात ते तिथल्या भरती मोजण्याच्या पातळीपासून १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले. पूर ओसरतो, पण विटांनी शोषलेले मीठ तिथेच राहते.

हे मीठ काढण्याचा नेहमीचा उपाय म्हणजे ओला लेप. कागदाचा लगदा किंवा सेल्युलोजचे तंतू, केओलिनसारखी पांढरी चिकणमाती आणि बारीक धुतलेली वाळू शुद्ध पाण्यात मळून त्याचा एक-दोन सेंटिमीटर जाडीचा थर भिंतीवर देतात. तो दोन प्रकारे काम करतो. लेप ओला असेपर्यंत भिंतीतले दाट खारे पाणी आणि लेपातले गोडे पाणी यांच्यातला फरक मिठाला बाहेर ओढतो. लेप सुकू लागला की भिंतीतले पाणीच लेपाकडे सरकते आणि मीठ सोबत आणते. मात्र त्यासाठी लेपाची छिद्रे भिंतीच्या छिद्रांहून बारीक असावी लागतात. म्हणून एकच मिश्रण सगळीकडे चालत नाही. तंतू लेप भिंतीला चिकटून राहायला मदत करतात, माती बारीक छिद्रे देते, वाळू आकसणे रोखते. निव्वळ मातीचा लेप सुकताना तडकून भिंतीपासून सुटतो आणि सुटला की ओढणे तिथेच थांबते.

एक चौरस मीटर विटांच्या भिंतीचा हिशेब पाहू. बाहेरच्या दोन सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ३४ किलो. त्यात वजनाच्या दोन टक्के मीठ धरले तर ते सुमारे ६८० ग्रॅम झाले. ओल्या विटेच्या या थरात सहा लिटर पाणी मावते आणि लेपातही सहा लिटर आहे असे समजू. दोन्हीकडे मीठ सारखे झाले की पहिला लेप जास्तीत जास्त निम्मे, म्हणजे ३४० ग्रॅम घेऊ शकतो. दुसऱ्यानंतर १७० ग्रॅम उरेल, तिसऱ्यानंतर ८५. तीन-चार फेऱ्यांशिवाय भागत नाही ते यामुळे. प्रत्यक्षात भिंतीतले मीठ याहून कमी घटते, कारण भिंतीच्या पोटातले मीठ पुढे सरकत राहते. शिवाय ओल्या लेपाला वेळ लागतो: दोन सेंटिमीटर खोलीसाठी आठवडा-दीड आठवडा, आणि खोली दुप्पट झाली की वेळ चौपट.

कामाचा क्रम पाळावा लागतो. ओल कुठून येते ते आधी बंद करायचे. पाझर चालू असताना लेप लावणे व्यर्थ आहे. मग सुटलेली पूड कोरड्या मऊ ब्रशने झाडून गोळा करायची. ती पाण्याने धुतली तर मीठ पुन्हा भिंतीत जाते. सुटू लागलेले पापुद्रे आधी स्थिर करायचे, त्यावर पातळ जपानी कागद लावायचा, म्हणजे लेप काढताना दगड उपटत नाही आणि माती छिद्रांत अडकत नाही. पृष्ठभागाचे रक्षण इथे होते: घासणे नाही, आम्ल नाही, फक्त पाणी आणि वेळ. पाणी निर्क्षारित हवे; नळाचे पाणी स्वतःच क्षार आणते.

पांढरी पूड गेली म्हणजे काम झाले असे समजणे धोक्याचे आहे. आधी आणि नंतर शून्य ते एक, एक ते दोन आणि दोन ते पाच सेंटिमीटर खोलीवरचा ड्रिलचा भुगा घेऊन मीठ मोजावे लागते. प्रत्येक लेपाचा ठरावीक वजनाचा तुकडाही शुद्ध पाण्यात ढवळून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. फेऱ्यांगणिक ती उतरत गेली पाहिजे. वरच्या थरातले मीठ घटले आणि आतल्या थरात वाढले, तर लेपातल्या पाण्याने ते आत ढकलले असा अर्थ होतो. असे झाले तर पुढचा लेप कमी ओला घ्यावा आणि भिंत पूर्ण सुकेपर्यंत तो काढू नये.

काही ठिकाणी हा उपाय टाळावा. पाण्याने सुटणारे रंग किंवा कच्चा चुना असलेल्या भिंतीवर ओला लेप नुकसान करतो. लोहयुक्त दगडावर तांबूस डाग उमटू शकतात. पावसाळ्यात सुकणारा लेप सुकतच नाही आणि लगद्यावर बुरशी धरते.

मीठ फार खोल असेल तर लेपाची मर्यादा उघड होते. व्हेनिसमधले सांता मारिया देई मिराकोली हे १४८० च्या दशकात बांधलेले चर्च विटांचे असून त्यावर संगमरवराचे अस्तर आहे. १९८७ ते १९९७ या काळात त्याची दुरुस्ती झाली तेव्हा संगमरवरातले मिठाचे प्रमाण १४ टक्क्यांपर्यंत आढळले. इतके मीठ लेपाने निघणारे नव्हते. संगमरवराचे पट्टे भिंतीवरून उतरवून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत शुद्ध पाण्यात भिजवावे लागले आणि मग परत बसवले गेले.