रिग्रेशन कोइफिशंटसाठी बूटस्ट्रॅप कॉन्फिडन्स इंटरव्हल (छोटं सँपल, नॉर्मल नसलेल्या एरर)

रिग्रेशन चालवलं की सॉफ्टवेअर प्रत्येक कोइफिशंटसोबत जी ९५ टक्क्यांची रेंज देतं ती टी-डिस्ट्रिब्युशनवरून काढलेली असते, आणि एरर नॉर्मल आहेत हे त्यात गृहीत धरलेलं असतं. सँपल मोठं असेल तर एरर थोड्या वाकड्यातिकड्या असल्या तरी सहसा निभावून जातं. पण वीस-पंचवीस ओळींचा डेटा असेल आणि त्यात एखाद-दोन रेसिड्युअल फार मोठे असतील तर त्या रेंजवर किती विसंबायचं हा खरा प्रश्न आहे. बूटस्ट्रॅप हा त्याच्यावरचा एक मार्ग, ब्रॅडली एफ्रॉनने १९७९ मध्ये मांडलेला: एररचं डिस्ट्रिब्युशन कुठलं ते आपण ठरवायचं नाही, हातातल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा सँपल काढायचे, दरवेळी रिग्रेशन नव्याने चालवायचं आणि कोइफिशंट किती हलतो ते बघायचं.

उदाहरण म्हणून आर मध्ये आधीपासून असलेला `stackloss` डेटा घेऊ. अमोनियापासून नायट्रिक ॲसिड बनवणाऱ्या एका प्लांटच्या २१ दिवसांच्या नोंदी आहेत, हवेचा फ्लो, थंड पाण्याचं तापमान, ॲसिडची तीव्रता, आणि त्यावरून किती अमोनिया वाया गेला. साध्या रिग्रेशनमध्ये पाण्याच्या तापमानाचा कोइफिशंट १.३० येतो, स्टँडर्ड एरर ०.३७, आणि १७ डिग्रीज ऑफ फ्रीडमची टी-रेंज ०.५२ ते २.०७. आता रेसिड्युअल बघा. मॉडेलच्या हिशोबाने २१ व्या ओळीत २२.२ यायला हवे होते, प्रत्यक्षात १५ आहेत, म्हणजे उणे ७.२ चा फरक, आणि चौथ्या ओळीत अधिक ५.७ चा. एवढ्या छोट्या डेटात नॉर्मॅलिटीची टेस्ट लावून फारसं काही हाती लागत नाही, कारण तिच्यात पकडायची ताकदच कमी असते.

बूटस्ट्रॅप करायच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत अख्ख्या ओळी उचलायच्या, म्हणजे २१ ओळींतून परत टाकत टाकत २१ ओळी काढायच्या, एकच ओळ दोनदा-तीनदा आली तरी चालेल. दुसरीत इनपुटचे कॉलम जसेच्या तसे ठेवायचे आणि मॉडेलच्या अंदाजावर परत टाकत टाकत उचललेले रेसिड्युअल चिकटवायचे. डेव्हिड फ्रीडमनने १९८१ मध्ये या दोन्हींचा पाया नीट मांडला. ओळी उचलण्याची पद्धत एररचा पसारा सगळीकडे सारखा नसला तरी चालते, रेसिड्युअलवालीला तो सारखा लागतो.

ओळींवाली पद्धत ऐकायला जास्त सुरक्षित वाटते, पण छोट्या सँपलमध्ये ती कुठे अडते ते इथे चांगलं दिसतं. कुठलीही एक ओळ एखाद्या बूटस्ट्रॅप सँपलमध्ये अजिबात न येण्याची शक्यता (२०/२१) चा २१ वा घात, म्हणजे जवळपास ३६ टक्के, आणि दोन किंवा जास्त वेळा येण्याची साधारण २६ टक्के. आता २१ वी ओळ मूळ डेटातून काढून रिग्रेशन चालवलं तर पाण्याचा कोइफिशंट १.३० वरून थेट ०.८२ वर येतो आणि हवेचा ०.७२ वरून ०.८९ वर जातो. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त बूटस्ट्रॅप सँपल ०.८ च्या आसपास घुटमळतात, आणि जिथे ही ओळ दोनदा-तीनदा येते तिथे आकडा उलटा वर ओढला जातो. जी रेंज आपण "एररमधली अनिश्चितता" म्हणून वाचतो तिच्यातला मोठा भाग मग एवढाच असतो की ती एक ओळ सापडली की नाही. हे ओळखायचं कसं? हिस्टोग्राम काढताना ती ओळ असलेले आणि नसलेले सँपल वेगळ्या रंगात दाखवायचे. दोन ढीग एकमेकांपासून सरकलेले दिसले तर आधी त्या दिवशी प्लांटमध्ये काय झालं होतं ते शोधायला हवं, रेंज नंतर.

अजून एक. हवेचा फ्लो ७० किंवा जास्त असलेल्या ओळी फक्त चार आहेत. त्या चारही गायब असण्याची शक्यता १.२ टक्के, म्हणजे ९९९९ सँपलमध्ये साधारण १२० वेळा फ्लोची रेंज ५० ते ८० ऐवजी ५० ते ६२ एवढीच उरते. अशा सँपलमधले कोइफिशंट वाटेल तिकडे उडू शकतात आणि रेंजच्या टोकांना ओढतात.

रेसिड्युअलवाल्या पद्धतीत चूक उलट्या बाजूला होते, रेंज अरुंद येते, आणि ही चूक जास्त घातक कारण ती नजरेत येत नाही. रिग्रेशन रेषा डेटाला जवळ ओढून घेते, त्यामुळे रेसिड्युअल खऱ्या एररपेक्षा लहान असतात. इथे २१ ओळी आणि ४ कोइफिशंट आहेत, म्हणजे स्टँडर्ड एरर √(१७/२१) पट, साधारण १० टक्के कमी येतो. त्यावर पर्सेंटाईल रेंज काढली, म्हणजे नुसते २.५ आणि ९७.५ टक्क्यांचे आकडे उचलले, तर टी चा २.११ जाऊन साधारण नॉर्मलचा १.९६ लागल्यासारखं होतं. दोन्ही मिळून रेंज जवळपास ०.६५ ते १.९४ येते, टी-रेंजपेक्षा १६ टक्के अरुंद. बूटस्ट्रॅपने नेमकं उत्तर दिलं असं समजून कोणी हीच रेंज रिपोर्टमध्ये टाकतं, पण ती अरुंद आहे ती फक्त या दोन कारणांनी, डेटाने काही नवं सांगितलं म्हणून नाही.

इलाजही दोन पायऱ्यांचा. लिव्हरेज म्हणजे एखादी ओळ स्वतःच्या अंदाजाला किती ओढते त्याचं माप; प्रत्येक रेसिड्युअलला √(१−लिव्हरेज) ने भागायचं आणि मग सगळ्यांची सरासरी शून्यावर आणायची. २१ व्या ओळीची लिव्हरेज ०.२८ आहे, म्हणून तिचा उणे ७.२ चा उणे ८.६ होतो (सरासरी वजा करायच्या आधी). दुसरी पायरी म्हणजे नुसता कोइफिशंट न साठवता प्रत्येक बूटस्ट्रॅप सँपलमध्ये त्याचा स्वतःचा स्टँडर्ड एरर काढून टी चा आकडा, म्हणजे मूळ कोइफिशंटपासूनचा फरक भागिले तो स्टँडर्ड एरर, साठवायचा. याला बूटस्ट्रॅप-टी म्हणतात.

```r
f  <- lm(stack.loss ~ ., data = stackloss)
e  <- resid(f) / sqrt(1 - hatvalues(f))
e  <- e - mean(e)
k  <- summary(f)$coefficients["Water.Temp", ]
ts <- replicate(9999, {
  y <- fitted(f) + sample(e, 21, TRUE)
  s <- summary(lm(y ~ ., data = stackloss[, 1:3]))
  s <- s$coefficients["Water.Temp", ]
  (s[1] - k[1]) / s[2]
})
k[1] - quantile(ts, c(.975, .025), type = 6) * k[2]
```

कोडच्या शेवटच्या ओळीत टी चा वरचा आकडा रेंजच्या खालच्या टोकाला जातो आणि खालचा वरच्या टोकाला, तिथे लोक हमखास गोंधळतात. एरर एका बाजूला झुकलेल्या असतील तर उलटं लावल्यावर रेंज चुकीच्या बाजूला लांब होते. ९९९९ हा आकडा निवडायचं कारण एवढंच की त्यात एक मिळवून २.५ टक्के काढले की नेमका २५० वा आकडा मिळतो. सँपल ९९९९ चे लाखभर केले तर फक्त रँडम हलणं कमी होतं, २१ ओळींतली माहिती तेवढीच राहते.

एफ्रॉनची १९८७ ची बीसीए पद्धत झुकाव दुरुस्त करते, पण एवढ्या छोट्या डेटात तिची रेंजही कमी पडू शकते, त्यामुळे इथे माझं मत बूटस्ट्रॅप-टी च्या बाजूने आहे. एररचा पसारा इनपुटप्रमाणे बदलतोय असं दिसलं तर मात्र वरचा कोड चालणार नाही. तेव्हा वाइल्ड बूटस्ट्रॅप घ्यायचा, जेफ वू यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आलेला: रेसिड्युअल ज्या ओळीचा त्याच ओळीत ठेवायचा आणि नुसतं त्याचं चिन्ह नाणेफेक करून बदलायचं किंवा तसंच ठेवायचं, स्टँडर्ड एररही असमान पसाऱ्याला चालणारा वापरायचा.

आणि या सगळ्यात ओळी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरलेलं आहे. या नोंदी एकाच प्लांटच्या दिवसांच्या आहेत, कालचा परिणाम आजवर राहत असेल तर वरची कुठलीच पद्धत ते पकडत नाही. सलग दिवसांचे गठ्ठे उचलणारा ब्लॉक बूटस्ट्रॅप त्यासाठीच असतो, पण तीन-तीन दिवसांचे गठ्ठे केले तर २१ ओळींत सातच बसतात, आणि सातांतून सात उचलून टोकाचे अडीच टक्के ठरवायचे म्हणजे त्या रेंजला फारसा आधार उरत नाही.