म्युच्युअल फंड विकला, पैसे उशिरा आले : १५ टक्के व्याज कोणाकडे आणि कसं मागायचं

ॲपवर रिडेम्प्शनचं बटण दाबलं की ‘पैसे अमुक तारखेपर्यंत जमा होतील’ असं दिसतं. ती तारीख उलटून गेली की बहुतेक लोक ॲपच्या चॅटवर दोन-चार संदेश पाठवतात आणि पैसे आले की विषय सोडून देतात. पण उशीर झाला तर फंड कंपनीने वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावं, असा सेबीचा नियम आहे. ते व्याज मूळ रकमेसोबतच यायला हवं आणि किती व्याज दिलं हे गुंतवणूकदाराला कळवायलाही हवं. म्हणजे खरं तर मागायची वेळच येऊ नये. येते, कारण उशीर नेमका कोणाकडे झाला हे ठरलेलं नसतं. तक्रारीतलं मुख्य काम तेच आहे.

मुदत कोणती धरायची

जानेवारी २०२३ पासून नियम असा आहे : रिडेम्प्शनच्या तारखेपासून तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे गुंतवणूकदाराच्या खात्यात पाठवायचे. ज्या योजनांचे किमान ८० टक्के पैसे परदेशी बाजारात आहेत त्यांना पाच दिवस मिळतात. इक्विटी योजनांसाठी फंड कंपन्यांनी ॲम्फी या आपल्या संघटनेमार्फत फेब्रुवारी २०२३ पासून दोन दिवसांची मुदत स्वतःहून घातली आहे. ॲपवर दिसणारी तारीख साधारणपणे या दोन दिवसांच्या हिशोबाने काढलेली असते. म्हणून ॲपची तारीख चुकली की लगेच व्याज सुरू झालं असं धरू नका. नियमातलं व्याज तिसऱ्या दिवसानंतर सुरू होतं. दोन दिवसांचं आश्वासन पाळलं नाही हे तक्रारीत जरूर लिहा, पण आकडा त्यावर उभा करू नका.

‘रिडेम्प्शनची तारीख’ म्हणजे ज्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, मिळाली तो दिवस. बहुतेक योजनांत दुपारी तीनच्या आत अर्ज पोहोचला तर त्याच दिवसाची एनएव्ही मिळते, नंतर पोहोचला तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. शनिवार-रविवार मोजायचे नाहीत. योजनेच्या माहितीपत्रात सहसा मुंबईतल्या बँका बंद असतील तो दिवस कामकाजाचा नाही असं लिहिलेलं असतं. त्यामुळे तुम्ही इंदूरला असाल आणि तुमची बँक उघडी असेल, तरी गुढीपाडवा मोजणीतून वगळला जातो.

तक्रार कोण करू शकतो

फोलिओवर ज्याचं नाव आहे तो. संयुक्त फोलिओ असेल तर पहिल्या धारकाच्या नावाने करणं सोयीचं, कारण बँक खातं त्याचंच नोंदलेलं असतं. मुलाच्या नावाचा फोलिओ असेल तर पालक करू शकतात. धारकाचं निधन झालं असेल तर आधी युनिट्स वारसाच्या नावावर चढवावी लागतात. त्या आधीच्या दिरंगाईचा विषय वेगळा आहे, हा नियम तिथे लागत नाही.

दोन ठिकाणी व्याजाचा दावा टिकत नाही. एक, विक्रीच्या थोडंच आधी फोलिओवरचं बँक खातं बदललं असेल, किंवा नोंदलेलं खातं बंद पडलं म्हणून पैसे परत गेले असतील. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलले तेव्हा हे पुष्कळांच्या बाबतीत घडलं. अशा अपवादांसाठी फंड कंपन्यांना जास्तीचे दिवस मिळतात. दुसरं, ओटीपी टाकायचा राहिला असेल. ओटीपीशिवाय विक्रीचा अर्ज पुढे जातच नाही, मग ॲपवर ‘ऑर्डर घेतली’ असं दिसत असलं तरी. योजनाच गुंडाळायला काढली असेल, जसं एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनच्या सहा योजनांचं झालं, तर हा लेख तिथे कामाचा नाही.

पैसे कुठे अडकले, हे कसं ओळखायचं

जुलै २०२२ पासून ॲप चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मला गुंतवणूकदारांचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करून ठेवता येत नाहीत. युनिट्स फोलिओत असतील तर पैसे फंडाच्या खात्यातून थेट तुमच्या बँकेत येतात. युनिट्स डीमॅटमध्ये असतील आणि विक्री एक्स्चेंजमार्फत झाली असेल तर मध्ये एक्स्चेंजवरचे व्यवहार पुरे करणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते. म्हणून ‘ॲपने पैसे दाबून ठेवले’ असं लिहिलं तर उत्तर ठरलेलं आहे : पैसे आमच्याकडे येतच नाहीत. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण प्लॅटफॉर्म अर्ज उशिरा पुढे पाठवू शकतो आणि तिथे त्याची जबाबदारी सुरू होते.

म्हणून तीन वेळा शोधायच्या. पहिली, तुम्ही ओटीपी टाकून ऑर्डर पक्की केली ती वेळ. ही ॲपमध्ये आणि एसएमएसमध्ये मिळते. दुसरी, अर्ज फंडाच्या वतीने नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे किंवा एक्स्चेंजकडे नोंदला गेला ती वेळ. खातेउताऱ्यावर कोणत्या तारखेची एनएव्ही लागली ते पाहिलं की याचा अंदाज येतो, नेमकी वेळ लेखी मागावी लागते. फंडाचं रजिस्ट्रारचं काम बहुतेक वेळा कॅम्स किंवा केफिनटेक यांच्याकडे असतं आणि खातेउतारा त्यांच्या संकेतस्थळावरून ईमेलवर मागवता येतो. तिसरी, बँकेत रक्कम जमा झाल्याची तारीख आणि त्या नोंदीतला यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा, क्रमांक.

आता एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका गृहस्थांनी इक्विटी फंडाची १,५०० युनिट्स बुधवारी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी विकायला टाकली. तीन वाजून गेले होते, म्हणून गुरुवारची एनएव्ही १६० रुपये लागली आणि रक्कम झाली २,४०,००० रुपये. शुक्रवार पहिला दिवस, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. मंगळवारी पैसे यायला हवे होते, आले त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. उशीर आठ दिवसांचा. व्याजाचा दर वार्षिक आहे, त्यामुळे उशिराचे दिवस मोजताना सुट्ट्या वगळायच्या नाहीत.

```
२,४०,००० × १५ ÷ १०० × ८ ÷ ३६५ = ७८९.०४
```

फंड कंपनीकडे मागायचे ते ७८९ रुपये.

हीच ऑर्डर त्यांनी बुधवारी दुपारी एक वाजता पक्की केली असती आणि प्लॅटफॉर्मने ती तीननंतर पुढे सरकवली असती, तर चित्र बदललं असतं. तेव्हा त्यांना बुधवारची एनएव्ही मिळायला हवी होती. ती समजा १६१ रुपये ५० पैसे होती. युनिटमागे दीड रुपया, म्हणजे २,२५० रुपयांचं नुकसान, आणि हे प्लॅटफॉर्मकडून मागायचं. व्याजापेक्षा ही रक्कम तिपटीच्या आसपास आहे, आणि नेमकी हीच बाब लोकांच्या नजरेतून सुटते. बाजार गुरुवारी वर गेला असता तर अर्थातच नुकसान नाही, फायदाच झाला असता. एक अडचण मात्र आहे : काही प्लॅटफॉर्म स्वतःची वेळमर्यादा तीनच्या आधीची ठेवतात. ती ऑर्डरच्या पानावर स्पष्ट दिसत होती का, हे तपासून मगच हा मुद्दा घ्या.

कागदपत्रं

फार काही लागत नाही. पॅन, फोलिओ क्रमांक (डीमॅट असेल तर क्लायंट आयडी), ऑर्डर क्रमांक आणि वेळ दिसणारा स्क्रीनशॉट, ओटीपीचा एसएमएस, रजिस्ट्रारकडचा खातेउतारा, रक्कम जमा झाल्याची नोंद असलेलं बँक स्टेटमेंटचं पान. पैसे अजून आलेच नसतील तर आजच्या तारखेपर्यंतचं स्टेटमेंट. स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, रक्कम आली की ॲपवरची जुनी ‘अपेक्षित तारीख’ पुसली जाते.

तक्रार

चॅटवर नको, ईमेलवर करा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा आणि त्याच ईमेलमध्ये फंड कंपनीच्या गुंतवणूकदार संपर्क अधिकाऱ्यालाही घाला. त्यांचा पत्ता योजनेच्या माहितीपत्रात असतो. दोघे एकाच ईमेलवर असले की ‘ती त्यांची जबाबदारी’ हा खेळ लांबत नाही. मजकूर असा चालतो :

> विषय : रिडेम्प्शनची रक्कम मुदतीनंतर मिळाल्याबद्दल व्याजाची मागणी, फोलिओ क्र. ……
>
> मी दि. …… रोजी …… वाजता वरील फोलिओतील …… युनिट्सच्या विक्रीची ऑर्डर (क्र. ……) ओटीपीने पक्की केली. खातेउताऱ्यानुसार दि. …… ची एनएव्ही लागली. तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत दि. …… रोजी संपली. रक्कम रु. …… दि. …… रोजी जमा झाली, म्हणजे …… दिवस उशीर झाला. सेबीच्या नियमानुसार वार्षिक १५ टक्के दराने रु. …… व्याज माझ्या नोंदणीकृत बँक खात्यात जमा करावे.
>
> माझी ऑर्डर रजिस्ट्रारकडे/एक्स्चेंजकडे कोणत्या वेळी पोहोचली आणि फंडाच्या खात्यातून रक्कम कोणत्या तारखेला निघाली, हे लेखी कळवावे.

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढच्या पायरीवर त्याचं उत्तर किंवा उत्तर न येणं, दोन्ही उपयोगी पडतं. मराठीत लिहायला हरकत नाही, पण खाली इंग्रजीत तोच मजकूर दिला तर ‘भाषा समजली नाही’ म्हणून जाणारा आठवडा वाचतो.

दाद लागली नाही तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल, scores.sebi.gov.in. पॅन वापरून नोंदणी होते, शुल्क नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार घालायला हवी. इथे कोणाविरुद्ध तक्रार हे निवडावं लागतं, आणि वरच्या तीन वेळा तिथे कामाला येतात : पैसे उशिरा निघाले असतील तर म्युच्युअल फंड निवडा, ऑर्डर उशिरा गेली असेल तर प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म ब्रोकर म्हणून नोंदलेला आहे की ॲम्फीकडे, हे त्याच्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चुकीचा प्रकार निवडला तर तक्रार फिरत राहते.

संबंधित संस्थेने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांत पुनर्विलोकन मागता येतं. फंड कंपनीविरुद्धची तक्रार तेव्हा ॲम्फीकडे जाते आणि तिथेही समाधान झालं नाही तर सेबीकडे. हे १५ दिवस चुकवले तर तक्रार बंद होते.

उशिरामुळे घराचा हप्ता परत गेला, बँकेने दंड लावला, असं नुकसान १५ टक्क्यांच्या व्याजात बसत नाही. स्कोअर्सवर ते लिहिता येतं, पण भरपाईचा असा वाद ठरवण्याची जागा smartodr.in हे वाद सोडवण्याचं ऑनलाइन पोर्टल आहे. तिथे आधी सलोख्याचा प्रयत्न होतो, साधारण २१ दिवसांत. तो फसला तर लवाद. छोट्या रकमेच्या दाव्यात लवाद सहसा कागदपत्रांवरच निर्णय देतो, म्हणून हप्ता परत गेल्याची बँकेची नोंद आणि रक्कम जमा झाल्याची तारीख एकाच स्टेटमेंटमध्ये दिसली पाहिजे. लवादाला शुल्क आहे. साडेसातशे-आठशे रुपयांच्या व्याजासाठी तिथवर जाणं परवडत नाही, दंड आणि एनएव्हीतला फरक मिळून रक्कम मोठी होत असेल तरच जा.