समन्स आलं, आता थेट हाय कोर्टात क्वॉश करू का? (आपल्या ऑफिसच्या अशिलांसाठी माहितीपत्रक)

चेक बाउन्सच्या केसमध्ये समन्स आलं की पहिला फोन हाच असतो, "साहेब केस खोटी आहे, ४८२ टाकून क्वॉश करून टाका." फोनवर प्रत्येकाला अर्धा तास समजवण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलंय, भेटायला यायच्या आधी वाचा म्हणजे तुमचाही वेळ वाचेल.

आधी नंबरचं सांगतो. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी जाऊन बीएनएसएस आलं, जुनं कलम ४८२ आता कलम ५२८ झालंय. नंबर बदलला, पॉवर तीच, म्हणजे कोर्टाच्या प्रोसेसचा गैरवापर थांबवायला किंवा न्यायासाठी गरज पडली तर हाय कोर्टाने वापरायचे अंतर्निहित अधिकार. हे फक्त हाय कोर्टाकडे आहेत. मॅजिस्ट्रेटकडे नाहीत, सेशन्सकडे पण नाहीत.

आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. कोणीतरी ओळखीचा सांगतो, हाय कोर्ट कशाला, मॅजिस्ट्रेटलाच अर्ज द्या की प्रोसेस, म्हणजे समन्स काढायची ऑर्डर, मागे घ्या नाहीतर डिस्चार्ज करा, म्हणजे ट्रायलआधीच सोडा, स्वस्तात काम होईल. हा सल्ला अगदी हवेतून आलेला नाही, १९९१ साली के. एम. मॅथ्यू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलं होतं, समन्सवाल्या केसमध्ये मॅजिस्ट्रेट आपली प्रोसेसची ऑर्डर मागे घेऊ शकतो असं. पण २००४ मध्ये अदालत प्रसाद केसमध्ये तीन जजेसनी ते चूक ठरवलं, एकदा प्रोसेस इश्यू केली की मॅजिस्ट्रेट ती स्वतः फिरवू शकत नाही. त्याच वर्षी आपल्याच राज्यातून गेलेल्या सुब्रमण्यम सेतुरामन केसमध्ये, जी चेकचीच केस होती, स्पष्ट सांगितलं की समन्स केसमध्ये डिस्चार्जची स्टेजच नसते. २०२१ मध्ये चेक केसेस लवकर निकाली काढण्याबद्दलच्या प्रकरणात पाच जजेसनी हेच पुन्हा कायम केलं. तरी आजही असे अर्ज पडतात, समोरच्याला उत्तर द्यायला तारीख, मग आर्ग्युमेंटला तारीख, मग ऑर्डरला तारीख, आणि शेवटी रिजेक्ट. मग अशील आमच्याकडे येतो तेव्हा दुसरं एक दार पण अर्धं बंद झालेलं असतं.

ते दार म्हणजे रिव्हिजन. प्रोसेस इश्यू केल्याच्या ऑर्डरला सेशन्स कोर्टात चॅलेंज करता येतं, अंधेरी कोर्टाची केस असेल तर दिंडोशीला. त्याला मुदत ९० दिवस, आणि नीट वाचा, ही मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, समन्स तुमच्या हातात पडलं त्या दिवसापासून नाही. सर्टिफाइड कॉपी काढायला लागलेले दिवस वजा होतात. समन्स उशिरा मिळालं असेल तर ते कारण दाखवून डिले माफ करून घेता येतो, पण समन्स मिळाल्यावर चार महिने चुकीच्या अर्जात घालवले याचं समाधानकारक कारण जजसमोर सांगणं अवघड जातं. रिव्हिजन एकदाच मिळते, सेशन्सला हरलात तर दुसरी रिव्हिजन नाही, मग परत अंतर्निहित अधिकाराकडेच जायचं आणि तिथे हात फार आखडता असतो.

रिव्हिजन आहे म्हणून हाय कोर्टाचं दार बंद, असं मात्र नाही. मध्ये २०१३ च्या मोहित केसमुळे तसा समज झाला होता, २०१६ च्या प्रभू चावला केसमध्ये तीन जजेसनी तो दूर केला. पण "रिव्हिजनला का नाही गेलात" हा प्रश्न बेंचकडून येतोच, त्याचं उत्तर तयार पाहिजे.

मग कुठे जायचं ते कसं ठरवायचं? समजा गोरेगावची एक छोटी प्लास्टिक मोल्डिंगची प्रायव्हेट लिमिटेड आहे, ८,४०,००० चा चेक २० सप्टेंबर २०२३ चा, बाउन्स झाला, नोटीस आली, पैसे दिले नाहीत, अंधेरीत कम्प्लेंट. आरोपी कंपनी, थोरला भाऊ ज्याने सही केली, वहिनी, आणि धाकटा भाऊ. तिघंही म्हणतात आम्ही निर्दोष.

थोरला म्हणतो चेक सिक्युरिटीचा होता, माल खराब आला म्हणून पैसे अडवले. खरं असेलही. पण सही त्याची आहे, कायदा कलम १३९ खाली आधी धरूनच चालतो की चेक देणं फेडण्यासाठी दिला होता, आणि माल खराब होता की नाही हे साक्षी-पुराव्याशिवाय कळत नाही. हाय कोर्ट इथे ट्रायल घेत बसत नाही. याचं क्वॉशिंग टाकायला आम्ही स्वतः नको म्हणतो, फी मिळत असली तरी. त्याने क्रॉसची तयारी करावी नाहीतर सेटलमेंट करावी, ही केस कंपाउंडेबल आहे त्यामुळे तडजोड खालच्याच कोर्टात होते, त्यासाठी हाय कोर्ट लागत नाही.

वहिनी म्हणते मी फक्त कागदावर डायरेक्टर. तिच्यासाठी आम्ही कम्प्लेंटचा परिच्छेद उघडतो. ती रोजच्या कारभाराला जबाबदार होती असं एक वाक्यही त्यात नसेल तर चूक ऑर्डरमध्येच दिसते, बाहेरचा कागद लागत नाही, आणि ९० दिवस शिल्लक असतील तर दिंडोशीची रिव्हिजन स्वस्त आणि सरळ. ते वाक्य लिहिलेलं असेल तर "मी घरीच असते" एवढं पुरत नाही, तिच्या बाजूने निर्विवाद कागद हवा.

धाकट्याने ३१ जानेवारी २०२३ ला डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला आणि कंपनीने तो कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म १४ फेब्रुवारीला सरकारच्या एमसीए पोर्टलवर फाइल केला. चेकच्या सात महिने आधी. हा सरकारी रेकॉर्डचा कागद आहे, समोरच्याला नाकारता येत नाही, आणि हर्षेंद्र कुमार केसमध्ये (२०११) असाच कागद सुप्रीम कोर्टाने मानला. हा खरा क्वॉशिंगचा माणूस. पण तोच फॉर्म चेक बाउन्स झाल्यावर फाइल केलेला असेल आणि आत तारीख मागची टाकलेली असेल, तर तो राजीनामा खरा की बनावट हाच वाद होतो, आणि वाद आला की प्रकरण थोरल्याच्या लाइनीत जाऊन बसतं. म्हणून आम्ही राजीनाम्याचं पत्र नंतर बघतो, फाइलिंगची तारीख आधी.

आता भेटायला येताना काय आणायचं. समन्सचा व्हॉट्सअ‍ॅप फोटो पुरत नाही. आमच्याकडे "माझी बाजू" म्हणून जाड फाइल घेऊन येतात आणि समोरच्याची कम्प्लेंट वाचलेलीच नसते, हाय कोर्ट मात्र आधी तीच वाचतं. तर कम्प्लेंट, व्हेरिफिकेशन किंवा अ‍ॅफिडेव्हिट, प्रोसेस इश्यूची ऑर्डर आणि रोजनामा, यांची सर्टिफाइड कॉपी पहिल्याच आठवड्यात अप्लाय करा. कोर्टात धावपळ जमत नसेल तर वकालतनाम्यावर सही करा, आमचा क्लार्क काढून आणतो.

पेपर वाचायची फी आम्ही वेगळी आणि आधी घेतो, यावर काहीजण कुरकुर करतात. पण त्यामुळेच क्वॉशिंग होणार नाही असं सरळ सांगायला आम्ही मोकळे राहतो. पुढे मॅटर आमच्याकडेच चालवलं तर ती रक्कम वळती करतो.

आणि हाय कोर्टात पेपर फाइल झाले म्हणजे खालची केस थांबली असं नाही, स्टे वेगळा मागावा लागतो आणि मिळेपर्यंत अंधेरीच्या प्रत्येक तारखेला हजर राहायचं किंवा वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज द्यायचा. नाहीतर आधी बेलेबल वॉरंट, मग नॉन-बेलेबल. प्ली, म्हणजे गुन्हा कबूल की नाकबूल हे, रेकॉर्ड होऊन पुरावा सुरू झाला की क्वॉशिंगची ताकद कमी होत जाते, त्यामुळे समन्स मिळालं त्याच आठवड्यात फोन करून वेळ घ्या, शनिवारी पण ऑफिस चालू असतं.