डीग्रीझर (चिमणी व शेगडीसाठी)

डीग्रीझर म्हणजे स्वयंपाकघरातील चिमणी आणि शेगडीवर साचलेला तेलकट थर काढणारे द्रावण. ताजे तेल भांडी घासायच्या साबणानेही निघते. खरी अडचण जुन्या, तपकिरी थराची असते. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजनमुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि वार्निशसारखा चिवट पापुद्रा तयार होतो.

तीव्र डीग्रीझरमध्ये सहसा कॉस्टिक सोडा किंवा तत्सम अल्कली असते. ती तेलाचे रेणू तोडून त्यांचा साबण करते. सोबतचे द्रावक थराला फुगवून मऊ करतात आणि साबणासारखे घटक सुटलेले तेल पाण्यात धरून ठेवतात. या क्रियेला वेळ लागतो. त्यामुळे फवारून लगेच पुसले तर द्रावण वाया जाते. मात्र ते वाळूही देऊ नये. व्हिनेगर आम्ल असल्याने पाण्याचे पांढरे डाग घालवते, पण तेलाचा साबण करू शकत नाही.

अल्कली हीच ॲल्युमिनियमची शत्रू आहे. या धातूचे रक्षण करणारा ऑक्साइडचा पातळ थर आम्लात विरघळतो तसा अल्कलीतही विरघळतो. समजा, चिमणीची ॲल्युमिनियमची जाळी गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्यात बुडवली. काही वेळात फेस येऊ लागतो. बघणाऱ्याला वाटते तेल सुटते आहे. प्रत्यक्षात धातू विरघळून हायड्रोजन वायू निघत असतो. हा वायू ज्वालाग्राही आहे. जाळी बाहेर काढली की ती काळपट, खरखरीत दिसते आणि बारीक तारा तुटू लागतात. हा काळेपणा घासून जात नाही. म्हणून अशा जाळीसाठी गरम पाणी, भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण, पंधरा-वीस मिनिटे भिजवणे आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे. थर राहिलाच, तर हेच पुन्हा करावे. बाटलीवर सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड लिहिलेले असेल, तर ती ॲल्युमिनियमसाठी नाही.

जाळी कशाची हे चुंबकाने नक्की ठरत नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे काही प्रकारही चुंबकाला चिकटत नाहीत. वजनाने हलकी, फिकट राखाडी, अनेक पदरी जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. जड पट्ट्यांचे बॅफल फिल्टर बहुधा स्टीलचे.

स्टेनलेस स्टीलला अल्कली सहसा बाधत नाही. त्याचे नुकसान होते ते क्लोरीनयुक्त ब्लीचने, कारण त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. लोखंडी तारेच्या घासणीने चरे पडतात आणि तिचे अडकलेले कण गंजतात. ब्लीच व आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

द्रावण वापरताना चिमणीची वीज व गॅस बंद असावा, शेगडी थंड असावी, खिडकी उघडी, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मोटार व बटणांवर थेट फवारू नये. कापडावर घेऊन पुसावे. शेवटी भाग भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. बर्नरच्या छिद्रांत पाणी राहिल्यास ज्योत अडखळते.