डाळीत चिमूटभर सोडा: ही सवय नेमकी आली कुठून

बार्शीकडे आत्याच्या घरी लहानपणी गेलो की स्वयंपाकघरात एक वाक्य हमखास कानावर पडायचं, "या पाण्यात डाळ शिजत नाही बाई." आणि मग फळीवरच्या छोट्या डबीतून खायचा सोडा दोन बोटांत धरून पातेल्यात. मला तेव्हा वाटायचं की ही आत्याची काहीतरी शॉर्टकटची सवय आहे, कारण पुण्याला आई तसं काही करत नसे. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की आत्याचं निदान बरोबर होतं, दोष डाळीचा नव्हता आणि तिच्या हाताचाही नव्हता, पाण्याचा होता. सोड्याची सगळी गोष्ट पाण्यापासूनच सुरू होते.

आता सोडा म्हटलं की आपल्याला पुडीतली पांढरी पावडर आठवते, पण अन्न शिजवताना खार टाकायची पद्धत पुडीपेक्षा खूप जुनी आहे. इजिप्तमध्ये वाळवंटातल्या तळ्यांच्या काठी साठणारा नेट्रॉन हा नैसर्गिक सोडाच, रोमन लोक भाज्या हिरव्यागार राहाव्यात म्हणून असलाच खार उकळत्या पाण्यात घालायचे. आसामात केळीच्या सालीची नि खुंटाची राख पाण्यात घालून गाळतात, त्याला कोलाखार म्हणतात आणि उडदासारखी डाळ त्यात शिजवायची रीत अजून आहे. आपल्याकडे पापडखार होताच, आणि बुलढाण्यातलं लोणारचं सरोवर तर खाराचंच सरोवर, अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीतसुद्धा या भागात काच आणि साबणाचा माल मिळतो अशी नोंद आहे. म्हणजे खार काय करतो हे माणसाला हाताने माहीत होतं, का करतो हे माहीत नव्हतं.

शुद्ध खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हा 1801 च्या सुमारास जर्मनीत पहिल्यांदा तयार झाला. पण तो स्वस्त झाला तो 1860 नंतर, बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वेने मीठ, अमोनिया आणि चुनखडी यांच्यापासून सोडा करायची पद्धत बसवली तेव्हा. त्याआधी सोड्यासाठी समुद्री शेवाळ जाळा, नाहीतर गंधकाच्या आम्लाची घाण पद्धत वापरा असं होतं. सोल्वेनंतर सोडा कारखान्यातून पोत्यांनी बाहेर पडायला लागला, आपल्याकडे सौराष्ट्राच्या टोकाला मिठापूरला 1939 मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली. पापडखाराची जागा हळूहळू पुडीने घेतली.

तर हा खार करतो काय? हरभऱ्याचा दाणा म्हणजे पेशींची भिंत, आणि विटांच्या मध्ये जसा सिमेंट असतो तसं या पेशींच्या मध्ये पेक्टिन असतं, जॅम घट्ट करणारं तेच. हे पेक्टिन घट्ट बांधून ठेवायचं काम करतं कॅल्शियम आणि थोडं मॅग्नेशियम. दाणा मऊ होतो म्हणजे हे सिमेंट विरघळतं आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. आता बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे खडकात बराच काळ राहून त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरलेलं असतं, आणि अशा पाण्यात डाळ टाकली की सिमेंट सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होतं. आत्याचं "शिजत नाही" ते हेच. सोड्याने दोन गोष्टी होतात, एक तर सोडियम जाऊन कॅल्शियमची जागा अडवतं, आणि दुसरं म्हणजे पाणी अल्कली झालं की पेक्टिनची साखळी स्वतःच तुटायला लागते. त्यात गंमत अशी की सोडा पाण्यात उकळला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी आणखी अल्कली होतं, म्हणजे गॅसवर ठेवल्यावर सोड्याचा जोर वाढतो, कमी होत नाही. फेस यायचं कारणही हेच, म्हणून कुकरमध्ये सोडा टाकून डाळ लावताना कुकर काठोकाठ भरू नका, फेस शिट्टीच्या नळीत जाऊन अडकतो.

जुनं धान्य हे दुसरं कारण. ओलसर आणि उष्ण जागी वर्षभर पडलेल्या चवळी-राजम्यात फायटिक अॅसिड हळूहळू फुटतं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं होतं आणि जाऊन पेक्टिनला चिकटतं, म्हणून जुना राजमा कितीही शिट्ट्या दिल्या तरी मधे कचकचतो. एखाददुसरा गणंग दाणा असतो त्याची गोष्ट वेगळी, त्याची साल पाणीच आत घेत नाही, तो रात्रभर भिजवूनही टणक राहतो आणि त्याच्यावर सोडा फार चालत नाही, तो निवडून टाकलेलाच बरा. पण सगळाच्या सगळा राजमा भिजूनही न शिजणारा असेल तर धान्य जुनं किंवा पाणी जड, दोन्हीपैकी काहीतरी आहे. कोणतं ते ओळखायला मी एकदा साधं केलं, एकाच पिशवीतले मूठ-मूठ हरभरे भिजवले, एक मूठ बोअरच्या पाण्यात आणि एक मूठ आरओच्या, आणि एकाच कुकरमध्ये दोन वाट्यांत लावले. आरओवाले बोटाने चिरडले, बोअरवाले चिरडायला दातच लागले. धान्य तेच, मग दोष कुणाचा ते वेगळं सांगायला नको.

आता सोड्याने डाळीतली व्हिटॅमिनं जातात म्हणतात, त्याचं बघू. सोडा स्वस्त झाला तेव्हा व्हिटॅमिन ही कल्पनाच नव्हती, म्हणून कुणी चिंता करायचं कारणही नव्हतं. 1890 च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरने पाहिलं की पॉलिश तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या आजाराने लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. 1912 मध्ये कासिमिर फुंकने असल्या पदार्थांना व्हिटॅमिन हे नाव सुचवलं. कोंड्यातला तो पदार्थ म्हणजे बी वन, थायमिन, आणि त्याची रचना 1936 मध्ये पक्की केली रॉबर्ट विल्यम्सने, जो मिशनरी आईवडिलांच्या पोटी नेल्लोरला जन्मलेला! तर थायमिनचा स्वभाव असा की आंबट पाण्यात तो उकळीलाही बराच टिकतो, पण अल्कली पाण्यात आणि तेही गरम, त्याचा रेणू फुटतो. म्हणजे पेक्टिनला तोडणारं पाणी तेच थायमिनला तोडतं, दोन्ही एकाच वेळी. रायबोफ्लेविनलाही अल्कली मानवत नाही. नायसिनला फारसं काही होत नाही. क व्हिटॅमिन सुक्या डाळीत जवळजवळ नसतंच, पण मोड आलेल्या मटकीत असतं, तिच्यात सोडा टाकणं म्हणजे मोड काढायचे कष्ट थोडेफार वायाच.

यातलं महत्त्वाचं म्हणजे जेवणात बाकी काय आहे. 100 ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण अर्धा मिलीग्रॅमच्या आसपास थायमिन असतं आणि मोठ्या माणसाला दिवसाला एक-दीड मिलीग्रॅम लागतं. भाकरी-चपाती खाणाऱ्याला ज्वारी-गव्हातूनही मिळतं, पण पांढरा पॉलिश भात आणि डाळ एवढंच जेवण असेल तर थायमिनचा मोठा आधार डाळच, आणि तिथे सोडा जास्त जड पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या सूचनांत डाळी आणि भाज्या शिजवताना खायचा सोडा टाळा असं सांगितलंय ते यासाठीच.

मग किती टाकला तर चालतो? अमेरिकेत, जिथे नळाचं पाणी जड आहे तिथल्या लोकांसाठी, कृषी खात्याचा जुना सल्ला होता की एक कप सुक्या बीन्सला छोट्या चमच्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नको, चव आणि पोषण दोन्ही बिघडतं. आठवा भाग म्हणजे जवळजवळ 0.6 ग्रॅम, त्यात सोडियम 160 मिलीग्रॅमच्या आसपास, चार जणांत वाटलं तर किरकोळ. पण आपल्याकडे हॉटेलात छोल्यांत जो अंदाजपंचे चमचाभर पडतो ना, त्या एका चमच्यात सव्वा ग्रॅमहून जास्त सोडियम असतं, सव्वातीन ग्रॅम मिठाइतकं, वर मीठ वेगळं. आणि ब्लड प्रेशरवाला माणूस विचार करतो की मी तर मीठ बेताचं खाल्लं.

जास्त पडला हे कळतं कसं? पहिलं म्हणजे रंग. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लालसर होतो, तेच हळद घातलेल्या वरणाचं होतं, पिवळं वरण तांबूसकडे झुकलं की समजायचं हात मोकळा सुटला. दुसरं म्हणजे साली आणि डाळ वेगळी पोहतात, बाहेरचा लगदा आणि आत मधे अजून कण. तिसरी चव, साबणासारखी, जिभेवर गिळगिळीत. पुष्कळ जण मग चिंच-आमसूल वाढवून चव भागवतात, आमसूल टाकलं की फसफसतंही, चव सुधारते खरी, पण जे थायमिन गेलं ते परत येत नाही, ते आधीच उकळताना गेलेलं असतं.

एक गोष्ट मात्र आपल्या आजीच्या पद्धतीत आधीपासून बरोबर आहे, डाळ शिजल्यावरच आमसूल, चिंच, गूळ, टोमॅटो. आंबट पाण्यात पेक्टिन सुटत नाही, म्हणून टोमॅटो घालून राजमा लावला आणि शिजला नाही तर सोड्याची डबी शोधण्याआधी तेवढं बघा. आणि सोड्याऐवजी भिजवतानाच मीठ टाकलं तरी बरंच काम होतं, एक लिटर पाण्याला सपाट मोठा चमचा मीठ, रात्रभर, सकाळी ते पाणी फेकून धुवून घ्यायचं. सोडियम तिथेही कॅल्शियमला बाजूला सारतं, फक्त पाणी अल्कली होत नाही, म्हणून थायमिन वाचतं.

खरं तर सोड्याची गरज सगळ्यात जास्त कमी केली ती कुकरने. 1950 च्या दशकाच्या शेवटी भारतात प्रेशर कुकर बनायला लागले, आत 120 अंशांपर्यंत तापमान जातं, आणि पातेल्यात दोन तास लागणारे हरभरे अर्ध्या तासात होतात. पण तेव्हा कुकर शहरात आधी आला, आणि दुष्काळी भागात 1972 नंतर बोअर वाढत गेले तसं पाणी खोलातून यायला लागलं. आत्याकडे दोन्ही पोचले, बोअर आधी, कुकर नंतर. डबी मात्र फळीवर तशीच राहिली, कुकर आल्यावरही वर्षानुवर्षं ती दोन बोटं सोडा टाकतच होती, आणि विचारलं तर म्हणायची, "कुकर गॅसचं बघतो, पाण्याचं कोण बघणार?"