उभयरूपी बेतणी

उभयरूपी बेतणी : पुरुषवेश आणि स्त्रीवेश यांच्या ठरीव खुणा एकाच कपड्यात एकत्र येतील, किंवा त्यांपैकी एकही ठळक राहणार नाही, अशा रीतीने ब्लेझर, विजार इ. कपडे बेतण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत तिच्या इतिहासापेक्षा तिच्या वर्णनाचा विचार केला आहे, कारण घोळ होतो तो तिथेच. युनिसेक्स कपडा म्हणजे एकच माप सर्वांना विकणे, तर ओव्हरसाइज म्हणजे अंगमापापेक्षा बरेच सैल ठेवणे. उभयरूपी बेतणी या दोहोंहून वेगळी असून ती अंगाबरोबर बसणारीही असू शकते. मराठीत ‘उभयलिंगी’ हा शब्दही तिच्यासाठी वापरतात. तथापि तो वनस्पतिशास्त्रात पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र असणाऱ्या फुलांसाठी रूढ असल्याने, कपड्यासाठी ‘उभयरूपी’ अधिक सोयीचा वाटतो.

वर्णनातील मुख्य दोष म्हणजे काट न सांगता तो कोणासारखा दिसतो हे सांगणे. ‘बॉयफ्रेंड ब्लेझर’, ‘मर्दानी पँट’, ‘बायकी कंबर’ या शब्दांवरून शिंप्याला कापडावर खडूची एक रेघही मारता येत नाही. त्यांमागे पुरुषी म्हणजे सरळ आणि बायकी म्हणजे कमरेत घेतलेले असे गृहीतक असते, आणि ते प्रत्यक्ष कपड्यांवर टिकत नाही. इंग्रजी घोडेस्वारीचा कोट हा पुरुषवेशाचा नमुना मानला जातो, पण तो कमरेत चांगलाच घेतलेला असून खाली घेर सुटतो. उलट फ्रेंच वेशरचनाकार कोको शनेल यांनी 1954 मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा दुकान मांडल्यानंतर रूढ केलेला स्त्रियांचा आखूड कोट जवळजवळ पेटीसारखा सरळ आहे. तो नीट लोंबावा म्हणून खालच्या कडेला आतून साखळी शिवलेली असते. म्हणजे ‘सरळ’ हे काटाचे वर्णन होऊ शकते, लिंगाचे नव्हे.

वेशरचनाकार ईव्ह सेंट लॉरेंट यांचा स्त्रियांसाठी बेतलेला टक्सिडो सूट ‘ल स्मोकिंग’ (1966) हा या प्रकाराचा आरंभ म्हणून नेहमी पुढे केला जातो. पण अभिनेत्री मार्लेन डिट्रिचने 1930 च्या ‘मोरोक्को’ चित्रपटात घातलेला पुरुषी टेलकोट पाहता ‘आरंभ’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. हेल्मुट न्यूटन यांनी 1975 मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर काढलेल्या छायाचित्रामुळे या सुटाबरोबर उंच, सडपातळ, मागे चापून बसवलेल्या केसांची आकृतीही लोकांच्या डोळ्यांत बसली. पुढील वर्णनांत कपड्याऐवजी तीच आकृती उतरत राहिली, आणि भरलेल्या छातीच्या किंवा रुंद नितंबांच्या अंगावरचा तोच काट उभयरूपी म्हणायचा की नाही, असे नसते प्रश्न निर्माण झाले.

ब्लेझरचा सांगाडा : ‘स्ट्रक्चर्ड’ हा शब्द पुष्कळदा ‘कडक’ किंवा ‘पुरुषी’ या अर्थाने वापरला जातो. शिवणकामात त्याचा अर्थ नेमका आहे. कोटाच्या पुढच्या भागात, म्हणजे पाखीत, कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कॅनव्हास घातला आहे का, खांद्यात पॅड किती जाड आहे आणि बाहीच्या माथ्याला आधाराची पट्टी आहे का, एवढ्याच गोष्टी त्यात येतात. घोड्याच्या केसांचा कॅनव्हास टाक्यांनी बसवलेला असेल, तर सर्वांत खालच्या काजाखाली कापड चिमटीत धरून चोळल्यावर बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तिसरा थर सुटा सरकताना बोटांना कळतो. तसा न कळल्यास आतला थर गोंदाने चिकटवलेला असण्याचा संभव अधिक, आणि असा कोट काही धुण्यांनंतर छातीवर फोडासारखा फुगू शकतो. इटालियन वेशरचनाकार जॉर्जो अरमानी यांनी 1970 नंतरच्या दशकात हाच सांगाडा पुरुषांच्या कोटातून कमी केला आणि तशी मऊ बेतणी स्त्रियांच्या कोटांतही आणली. त्यामुळे ‘मऊ’ आणि ‘कडक’ यांनाही लिंग चिकटवता येत नाही.

छातीच्या टकाबाबतही, म्हणजे आकार देण्यासाठी कापडात शिवलेल्या चिमटीबाबतही, अशीच गल्लत होते. टक दिसत नाही, तेव्हा कोट पुरुषी काटाचा, असे लिहिले जाते. वस्तुतः जाणता कारागीर छातीचा टक फिरवून लॅपलच्या घडीखाली नेतो किंवा मुंढ्याच्या शिवणीत मुरवतो. वरून सपाट दिसणाऱ्या पाखीत छातीचा आकार पूर्ण घेतलेला असतो. म्हणून लॅपल उलटून पाहिल्याशिवाय ‘बिनटकाचा’ असे लिहू नये.

बटणाची बाजू : पुरुषांच्या कोटाची डावी पाखी वर आणि स्त्रियांच्या कोटाची उजवी पाखी वर, हा संकेत आज पक्का वाटतो. त्याच्या उगमाबद्दल मात्र मतभेद आहेत. पुरुष उजव्या हाताने तलवार उपसत असत म्हणून डावी पाखी वर, असे एक मत. श्रीमंत स्त्रियांना दासी कपडे चढवत व समोरच्या उजव्या हाताला बटण लावणे सोपे जावे म्हणून उजवी पाखी वर, असे दुसरे. बाळाला डाव्या हातावर घेऊन पाजण्याची सोय हे तिसरे. यांपैकी दासीचे मत सर्वाधिक सांगितले जाते, पण ते लंगडे आहे. सरदारांनाही कपडे चढवायला नोकर असतच, आणि स्त्रियांचे अनेक उंची पोशाख पाठीवर बांधले जात. तलवारीचे मत स्त्रियांची बाजू वेगळी का, हे सांगत नाही. जुन्या कपड्यांत दोन्ही बाजू आढळतात. त्यामुळे हा भेद बहुधा एकोणिसाव्या शतकात, शिंप्याने शिवलेला आणि पुढे तयार विकला जाणारा स्त्रीवेश वाढला तेव्हा स्थिरावला, हे मत अधिक संभाव्य दिसते.

पाखीची बाजू सर्वत्र लिंगच दाखवते असेही नाही. मोगल काळात जामा हा घेरदार अंगरखा डाव्या बगलेत बांधलेला असेल तर नेसणारा हिंदू आणि उजव्या बगलेत असेल तर मुसलमान, असा संकेत होता. तो अकबराने घालून दिला असे परंपरा मानते, आणि लघुचित्रांतील व्यक्ती ओळखण्यासाठी अभ्यासक तो आजही वापरतात. एकच खूण एका काळी धर्म सांगत होती आणि दुसऱ्या काळी लिंग सांगू लागली. वर्णनात ‘स्त्रियांची बटणपट्टी’ असे लिहिण्यापेक्षा ‘उजवी पाखी वर’ असे लिहिले, की काम भागते. (उजवी म्हणजे घालणाऱ्याची उजवी. पाहणाऱ्याची घेतल्याने झालेल्या चुका थोड्या नाहीत.)

रुंद विजार : रुंद पायांच्या विजारींच्या पाश्चात्त्य इतिहासात ‘ऑक्सफर्ड बॅग्ज’ हे नाव अटळ आहे. 1920 नंतरच्या दशकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांत ही फॅशन आली. विद्यापीठात गुडघ्यापर्यंतच्या तोकड्या विजारींना मनाई झाली, म्हणून मुले त्यांवरून या ढगळ विजारी चढवत, ही कथा लोकप्रिय आहे. नौकाशर्यतीचे खेळाडू आखूड चड्डीवर घालत त्या सैल विजारीतून हा प्रकार आला, हे मत कमी रंजक असले तरी अधिक साधे आहे. खरा गोंधळ आकड्यांचा आहे. आरंभीच्या विजारींचा तळाचा घेर 22 ते 23 इंच होता असे सांगतात, तर नंतरच्या वर्णनांत तो 44 इंचांपर्यंत जातो. 22 इंच हा सबंध घेर असताना कोणीतरी तो सपाट ठेवलेल्या पायाची रुंदी समजून दुप्पट केला असावा, असे स्पष्टीकरण दिले जाते. काही विजारी खरोखरच फार रुंद होत्या, पण आकडा नेमका दुप्पट असावा हे संशयास्पद आहे.

यातून निघणारा नियम आजही लागू आहे. आपल्याकडील शिंपी ‘मोहरी’ किंवा ‘बॉटम’ म्हणून जे सांगतात, ते कोणी सपाट रुंदीने मोजतात, कोणी घेराने. माप कोणते हे लिहिले नाही, तर नुसत्या ‘28 सेंमी मोहरी’वरून चिंचोळी विजार आणि रुंद विजार यांतला फरकही कळत नाही. ‘रुंद’ या एका शब्दात तीन निराळे काट दडलेले असतात : मांडीपासून तळापर्यंत सारखी उतरणारी, गुडघ्यात घेऊन खाली सुटलेली, आणि वर भरदार असून खाली आवळलेली. म्हणून मांडी, गुडघा आणि तळ या तिन्ही ठिकाणचा घेर द्यावा. त्याच्या जोडीला आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांमधल्या काट्याच्या शिवणीपर्यंतची खोली, द्यावे लागते. पाय रुंद ठेवून आसन कमी पडले, तर चालताना काट्याजवळ आडव्या चुण्या ओढल्या जातात. पाहणारा त्याचा दोष अंगाला देतो, तो असतो बेतणीचा.

नमुना वर्णन : एका जोडाची नोंद आधी ‘बॉयफ्रेंड ब्लेझर व मर्दानी ढगळ पँट’ अशी आहे असे समजू. घालणाऱ्याची छाती 92 सेंमी, आणि बटण लावलेल्या ब्लेझरची छाती 112 सेंमी. सैलपणा 20 सेंमी आहे, तर नेहमीच्या कोटात तो साधारण 8 ते 12 सेंमी असतो. हा कोट मुद्दाम सैल बेतला आहे की नुसता मोठ्या मापाचा घातला आहे, हे मानेवर कळते. मोठ्या मापाच्या कोटाची कॉलर मानेपासून सुटते, खिसे खाली जातात आणि बाही पंजावर येते. इथे कॉलर मानेला टेकलेली आहे व बाही मनगटावर थांबते, फक्त खांद्याची शिवण दोन्हीकडे 3 सेंमी बाहेर आहे, तेव्हा सैलपणा बेतलेला आहे. कोटाची कंबर 104 सेंमी भरते. छातीपेक्षा ती 8 सेंमी कमी आहे, म्हणून ‘पेटीसारखा’ हा शब्द चूक, ‘कमरेत हलका घेतलेला’ बरोबर. विजारीचे आसन 33 सेंमी, मांडीचा घेर 72, गुडघ्याचा 60 आणि तळाचा 56. खिशाकडे वळलेल्या दोन प्लेटा आहेत. डोळ्याला ती सरळ दिसते, कारण इस्त्रीची घडी कमरेपासून तळापर्यंत अखंड उतरते. मापांनुसार मात्र ती मांडीकडून गुडघ्यापर्यंत बरीच आणि पुढे थोडीशी निमुळती आहे. आता नोंद अशी होईल : ‘कॅनव्हास घातलेला, एकेरी बटणपट्टीचा, डावी पाखी वर असलेला ब्लेझर, खांदा बाहेर काढलेला, कमरेत हलका घेतलेला, आणि उंच आसनाची, दुहेरी प्लेटांची, निमुळती रुंद विजार.’ यावरून दुसरा शिंपी जवळपास तोच जोड शिवू शकेल.

छायाचित्रावरून वर्णन करताना ही मापे मिळत नाहीत. शिवाय चित्रणाच्या वेळी पाठीमागून चिमटे लावून कोट कमरेत आवळण्याची पद्धत सर्रास आहे. पाठीची बाजू दाखवलेली नसेल, तर कमरेबद्दल मौन पाळणेच बरे.

मराठी शब्द : ‘विजार’ आणि ‘तुमान’ हे शब्द घालणारा पुरुष की स्त्री, हे स्वतःहून सांगत नाहीत. ‘लेंगा’ मराठीत झब्ब्याखालचा पुरुषाचा सैल पायजमा, तर त्याच जातकुळीचा हिंदी ‘लहंगा’ स्त्रीचा घागरा. व्याकरणात विजार ‘ती’, लेंगा ‘तो’ आणि धोतर ‘ते’, आणि त्याचा घालणाऱ्याशी काहीही संबंध नाही.